‘घरात गॅस आहे का?’ एवढ्यावर थांबू नका : गरोदर स्त्रीच्या श्वासाबद्दल एक खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर,
तसेच जिल्ह्यातील सर्व आरोग्यसेविका, गटप्रवर्तक आणि आशाताई यांस

विषय : गरोदरपणातील गृहभेटींमध्ये धूर, रंग आणि सफाईची रसायने यांची नेमकी चौकशी व्हावी याबाबत

महोदय,

आरोग्य सहायिका म्हणून ग्रामीण भागात नोकरी करून मी निवृत्त झाले आहे. गरोदर मातांच्या नोंदणीपासून बाळंतपणानंतरच्या भेटींपर्यंतची कामे मी स्वतः केली आहेत आणि इतरांकडून करवूनही घेतली आहेत. त्या अनुभवावरून एक गोष्ट आपल्यासमोर मांडते आणि तिच्याबरोबर काही मागण्याही करते.

गृहभेटीत स्वयंपाकाच्या इंधनाची चौकशी होते तेव्हा प्रश्न साधारण एकच असतो : ‘घरात गॅस आहे का?’ आता बहुतेक घरांतून ‘आहे’ असे उत्तर येते. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून आपल्या डोंगरी तालुक्यांतही सिलिंडर पोहोचले आहेत, आणि त्याचा आनंदच आहे. पण ‘आहे’ हे उत्तर मिळाले की विषय संपतो आणि तिथेच घोटाळा होतो. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड अशा कोणत्याही तालुक्यात पहाटे साडेपाचला गल्लीतून फेरी मारावी. ज्या घरात ओट्यावर दोन बर्नरची शेगडी आहे, त्याच घराच्या न्हाणीतून धूर येत असतो. गॅसवर चहा होतो, पाहुणे आल्यावर पोहे होतात, रात्री दूध तापते. आंघोळीचे पाणी मात्र बंबात किंवा चुलीवरच तापते, भाकरीही बऱ्याच ठिकाणी चुलीवरच होते, आणि या दोन्ही आगींपुढे बहुतेक वेळा घरातली सून बसलेली असते. ती गरोदर असली तरी हे काम ‘बसून करायचे’ म्हणून हलके समजले जाते. शेतातले काम तिच्याकडून काढून घेतात आणि बंब तिच्याकडे सोपवतात. हेतू चांगला असतो, पण परिणाम उलटा होतो.

बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची रचना ठाऊक आहे. तांब्याच्या पिंपाच्या मधून एक नळी जाते, खाली जाळीवर बंबफोड, नारळाच्या शेंड्या किंवा शेणीचे तुकडे पेटतात आणि त्या नळीतून धूर वर जातो. वर म्हणजे कुठे, हा खरा प्रश्न आहे. नळीचे तोंड बहुतेक घरांत न्हाणीतच उघडते आणि न्हाणीला हातभर खिडकी असली तर ती थंडीत बंद असते. गरोदर बाई आधी तासभर त्या खोलीत ये-जा करून जळण सारते, फुंकर घालते, आणि मग दार लावून त्याच खोलीत आंघोळ करते. तेव्हा बंबात धूर नसला तरी निखारे असतात, आणि निखाऱ्यांचा प्रकार धुरापेक्षा वाईट आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

या धुरातल्या दोन गोष्टी गर्भाला बाधतात. पहिली म्हणजे अतिसूक्ष्म कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात. ते नाकातल्या केसांना किंवा घशाला अडत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, आणि त्यांच्यामुळे शरीरात होणारा दाह वारेपर्यंत, म्हणजे बाळाला रक्त पुरवणाऱ्या नाळेच्या मुळापर्यंत, पोहोचतो. दुसरी गोष्ट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायू. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा हा वायू दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. तो चिकटला की तेवढे हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेण्यास निकामी होते. बाळाच्या रक्तात त्याचे प्रमाण आईपेक्षा काहीसे जास्तच होते. मोकळ्या हवेत गेल्यावर आईच्या रक्तातला निम्मा वायू चार-पाच तासांत उतरतो, तर बाळाच्या रक्तातून तो त्याहून सावकाश जातो. आता आपल्या नोंदवहीतील हिमोग्लोबिनचे आकडे आठवावेत. जिचे हिमोग्लोबिन मुळातच ८ किंवा ९ आहे, तिच्याकडे ऑक्सिजन वाहणारे आधीच कमी आहे आणि त्यातला काही भाग रोज पहाटे हा वायू अडवून ठेवतो. लोहाच्या गोळ्या देताना बंबाची चौकशी करणे म्हणूनच एकाच कामाचा भाग आहे.

चुलीच्या धुराचा आणि कमी वजनाच्या बाळांचा तसेच मृतजन्माचा संबंध अनेक निरीक्षणांतून दिसला आहे. परंतु येथे मला एक सावधगिरीची सूचना करायची आहे, कारण आपण बायकांना खोटे वचन देता कामा नये. भारतात तमिळनाडू, आणि त्याशिवाय ग्वाटेमाला, पेरू व रवांडा या चार देशांत सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांना गॅसची शेगडी आणि भरपूर गॅस मोफत दिला गेला. त्यांच्या श्वासातल्या सूक्ष्म कणांचे प्रमाण जवळजवळ दोन-तृतीयांशाने घटले. तरीही दोन्ही गटांतील बाळांच्या जन्मवजनात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा होत नाही. गॅस मिळाला तेव्हा या स्त्रिया तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात होत्या, त्याआधीचे आठवडे आणि आधीची वर्षे धुरातच गेली होती, आणि कण घटल्यावरही हवा पूर्ण स्वच्छ झालेली नव्हती. मात्र ‘गॅस वापरा, बाळ तीन किलोचे होईल’ असे कुणी आशाताईंनी सांगू नये. आईचा खोकला, डोळ्यांची जळजळ, डोकेदुखी आणि रक्तातला तो वायू कमी होतो, एवढे निश्चित सांगता येते, आणि तेवढे कारण पुरेसे आहे. धूर कमी करायची वेळ खरे तर लग्न झाल्यावर, दिवस राहण्याआधीच येते.

आता एका घराचा हिशेब मांडते. आकडे हिशेबापुरते धरले आहेत, पण परिस्थिती कोणत्याही वाडीत भेटेल अशी आहे. घरात सहा माणसे. गरोदर सून पहाटे बंब आणि नंतर भाकरीची चूल मिळून दोन तास आगीजवळ असते. तिथल्या हवेत एका घनमीटरमागे ५०० मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण आहेत असे धरू. बंद स्वयंपाकघरात ओले जळण असेल तर ते याहून बरेच वर जातात. उरलेले बावीस तास ती जिथे असते तिथे ४० धरू. दिवसाची सरासरी निघते साधारण ७८. आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५ आहे. आता फक्त एकच बदल करू : बंब पेटवणे आणि जळण सारणे हे दीड तासाचे काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यावे आणि बंब न्हाणीबाहेर काढावा. तिच्याकडे भाकरीचा अर्धा तास राहिला. सरासरी ५० वर येते. फारसा खर्च न होता एक-तृतीयांशाहून अधिक धूर कमी झाला. भाकरीही गॅसवर गेली तर ती ४० वर येईल आणि तिथेच थांबेल, कारण ते ४० शेजारच्या चुलींचे, रस्त्याचे आणि शेतात जाळलेल्या पाल्याचे आहेत. एका घराने सुधारून जे साधत नाही ते गल्लीने सुधारल्यावर साधते, असे या हिशेबातून स्पष्ट दिसते.

मग आंघोळीचे पाणीही गॅसवरच का तापवू नये, असे बैठकांमध्ये सहज विचारले जाते. त्याचे उत्तर घरातल्या बाईला पाठ असते आणि ते बरोबर असते. वीस लिटरची एक बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यासाठी जेवढी उष्णता लागते, ती पाहता १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० बादल्या तापतात. सहा माणसांच्या रोज सहा बादल्या धरल्या तर एक सिलिंडर महिनाभरात निव्वळ आंघोळीत जातो. म्हणून ‘सगळे गॅसवर करा’ हा सल्ला ऐकला जात नाही आणि सांगणाऱ्याचा बाकीचा सल्लाही त्याबरोबर हवेत जातो. विजेच्या रॉडवर तीच बादली साधारण ०.६ युनिटात तापते. सहा जणांसाठी ते महिन्याला शंभरावर युनिट होतात, तेही सर्वांना परवडणारे नाही. रॉड वापरायचाच असेल तर प्लॅस्टिकच्या बादलीत लाकडी काठीला अडकवून वापरावा आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. छतावर सौर बंब असेल तर उत्तम, पण आषाढ-श्रावणात गगनबावड्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

म्हणून माझा आग्रह असा आहे की बंब बंद करायला सांगण्याऐवजी तो हलवायला सांगावे. परड्यात किंवा पडवीच्या टोकाला चार बांबू आणि दोन पत्रे टाकून निवारा करावा. तीन बाजू उघड्या असाव्यात, आणि आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो म्हणून आडोसा त्या बाजूला असावा. तापलेले पाणी न्हाणीत नेण्याचे काम गड्यांनी करावे, गरोदर बाईने भरलेल्या बादल्या उचलू नयेत. बंब हलवणे शक्यच नसेल तर त्याच्या नळीला पत्र्याचा पाइप जोडून तो कौलांच्या वर निदान दोन फूट काढावा, महिन्यातून एकदा त्यातली काजळी झाडावी, आणि निखारे बाहेर काढून खिडकी उघडल्यावरच गरोदर बाईने आत आंघोळीला जावे.

चुलीच्या बाबतीतही याच क्रमाने जावे. पहिला प्रश्न आग कोण सांभाळते हा, दुसरा ती कुठे आहे हा, आणि तिसरा त्यात काय जळते हा. भाकरी गॅसवर चांगली होत नाही अशी तक्रार खरी आहे, चुलीवरच्या भाकरीला जी खरपूस चव येते ती गॅसवर येत नाही हे मीही मान्य करीन. पण नऊ महिन्यांसाठी ती चव सोडायची नसेल, तर सासूबाईंनी, जावेने किंवा नवऱ्याने भाजावी. थापणे ओट्यावर आणि भाजणे दुसऱ्याकडे, अशी वाटणी काही घरांत सहज होते.

जळणाबद्दल दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पावसाळ्यात आपल्याकडचा बराचसा धूर ओल्या लाकडाचा असतो. लाकूड पेटवल्यावर त्याच्या टोकातून फेस येऊन सूं-सूं आवाज होत असेल तर ते ओले आहे. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला तडे गेलेले दिसतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज येतो. मनगटाएवढे तुकडे फोडून उन्हाळ्यातच वळचणीला, जमिनीपासून वीतभर उंच रचले तर जुलैमध्ये फरक डोळ्यांना कळतो. दुसरी गोष्ट, चूल पेटवण्यासाठी दुधाची पिशवी किंवा तुटकी चप्पल टाकण्याची सवय पूर्ण बंद झाली पाहिजे. प्लॅस्टिक आणि रबराच्या धुरात लाकडाच्या धुरात नसणारी विषारी द्रव्ये असतात. पेटवायला तुरकाट्या किंवा नारळाची किशी पुरते. याशिवाय डाळ आधी भिजवणे, भांड्यावर झाकण ठेवणे आणि कुकर वापरणे यांनी आग जळण्याचा वेळच कमी होतो.

एक गैरसमज मात्र मोडून काढावा लागेल. नाकाला पदर लावल्याने किंवा ओला रुमाल बांधल्याने ठसका कमी लागतो, पण सूक्ष्म कण त्यातून आरपार जातात. चांगला बसणारा एन-९५ मास्क कण अडवतो, परंतु कार्बन मोनॉक्साइड आणि रंगाची वाफ तोही अडवत नाही. मास्क लावून बंद न्हाणीत बसलेली बाई सुरक्षित नाही.

आता निखाऱ्यांविषयी. धूर दिसतो, डोळ्यांत जातो, म्हणून माणूस उठून बाहेर येतो. लालबुंद निखाऱ्यांना धूर नसतो, वासही नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यांतून भरपूर निघतो. हिवाळ्यात खोलीत आणलेली शेगडी, न्हाणीतला विझत आलेला बंब आणि बाळंतिणीच्या खाटेखाली शेकण्यासाठी ठेवलेली आगटी हे तिन्ही प्रकार दार बंद असताना जिवावर बेतू शकतात. शहरातल्या भगिनींनी यात न्हाणीत बसवलेला गॅस गीझरही धरावा. खिडकी बंद, गीझर चालू आणि आंघोळ लांबली की हाच वायू साचतो.

याची लक्षणे गरोदरपणात हमखास चुकवतात, कारण डोके दुखणे, मळमळ, चक्कर आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही सगळी ‘दिवसांची’ म्हणून सोडून दिली जातात. ओळखायचे असे : त्रास आगीजवळ असताना किंवा आंघोळीच्या वेळी होतो आणि बाहेर गेल्यावर उतरतो का, आणि त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाचे, विशेषतः लहान मुलांचे, डोके दुखते का? दोन्हींचे उत्तर होय असेल तर तो डोहाळ्यांचा त्रास नव्हे. आपल्या बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर येथे भरवसा ठेवू नये. हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिनही त्या यंत्राला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते आणि ते ९८ दाखवत राहते. अशा बाईला ताबडतोब उघड्यावर आणावे, शुद्ध हरपली असेल किंवा त्रास टिकून असेल तर १०८ ला फोन करून ऑक्सिजन मिळेल अशा रुग्णालयात हलवावे. आईला बरे वाटू लागले तरी बाळाच्या रक्तातून वायू उशिरा उतरतो, म्हणून गरोदर बाईला तपासल्याशिवाय घरी ठेवू नये. बाळंतिणीचे शेकणे बंद करा असे मी म्हणत नाही, ते म्हणून कुणी ऐकणारही नाही. आगटी खोलीबाहेर फुलवावी, कापड किंवा वीट तिच्यावर तापवून आत आणावी, आणि निखारे खोलीत रात्रभर राहू नयेत, एवढे सांगितले तर ते मानले जाते.

रंगाचा विषय आपल्या समाजात ठरावीक वेळी येतो. पहिल्या बाळंतपणासाठी लेक सातव्या महिन्यात माहेरी यायची असते, डोहाळजेवणाला पाहुणे येणार असतात, म्हणून घराला रंग काढतात. म्हणजे नेमके ती येण्याच्या आठवड्यात घरात टर्पेंटाइन आणि थिनरची वाफ असते. भिंतीच्या पाण्यातल्या रंगापेक्षा दारे-खिडक्यांच्या ऑइल पेंटची वाफ जास्त आणि जास्त दिवस येते. पण मला वासापेक्षा अधिक काळजी वाटते ती घासकामाची. जुना रंग पॉलिश पेपरने कोरडा घासला की त्याची बारीक धूळ अंथरुणावर, भांड्यांवर बसते. आपल्या देशात घरगुती रंगातील शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. शिसे वारेतून बाळापर्यंत जाते आणि त्याच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते.

तेव्हा माहेरच्यांना सांगायचे ते असे. घासकाम आणि रंगकाम लेक येण्याआधी निदान पंधरा दिवस उरकावे. घासण्याआधी भिंत किंवा दार ओले करावे, खोलीतील कपडे-भांडी बाहेर काढावीत, आणि धूळ केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने दोनदा पुसून ते पाणी विहिरीपासून दूर टाकावे. गरोदर बाईच्या खोलीला पाण्यातला रंग किंवा चुना पुरे, दारांना ऑइल पेंट पुढच्या वर्षी देता येतो. वास गेला की नाही हे त्या खोलीत राहणाऱ्याला कळत नाही, नाक सरावते. बाहेरून आलेल्या शेजारणीला आत बोलावून विचारावे. आणि कुणी आधीच एक-दोन दिवस रंगवलेल्या उघड्या खोलीत राहून घाबरली असेल, तर तेवढ्याने बाळाला काही झाले असे समजू नये, खोली बदलावी आणि पुढच्या तपासणीत सांगावे, एवढेच तिला सांगावे.

सफाईच्या रसायनांबाबत थोडक्यात, पण नेमके सांगते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर पंचगंगा आणि कृष्णाकाठच्या घरांत ब्लीचिंग पावडर, फिनेल आणि संडासाचे अॅसिड एकाच वेळी वापरात आले. ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली, ओणवे होऊन फरशी घासणाऱ्या बाईच्या नाकाजवळच राहतो. डोळे चुरचुरणे, ठसका आणि छाती आवळणे सुरू झाले की सगळे टाकून मोकळ्या हवेत यावे, डोळे भरपूर पाण्याने धुवावेत, दम लागत असेल तर दवाखाना गाठावा. संडास घासण्याचे काम गरोदर बाईकडे देऊ नये, आणि दुसऱ्या कुणी केले तरी एका दिवशी एकच द्रव्य वापरावे. पुरानंतर आधी गाळ काढून फरशी साबणाच्या पाण्याने धुवावी, कारण चिखलावर टाकलेल्या ब्लीचिंगचा जोर चिखलातच संपतो. रोजच्या घरकामाला साबण आणि पाणी पुरेसे असते.

उशाशी रात्रभर जळणारी डासांची कॉइल आणि घरात ओढली जाणारी विडी यांचा धूर वेगळ्या जातीचा नाही. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावता येते, विडी अंगणात ओढता येते. बाहेरच्या हवेविषयी व्यक्तीच्या हातात फार थोडे आहे. कोल्हापूर शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांच्या यादीत आहे. उसाच्या हंगामात पाला जाळला जातो आणि थंडीत पहाटे धूर खालीच रेंगाळतो. त्या महिन्यांत गरोदर बायकांना पहाटे रस्त्याकडेने फिरायला न सांगता ऊन वर आल्यावर फिरायला सांगावे, आणि शेजारच्या शेतात पाला पेटला असेल तर त्या बाजूच्या खिडक्या तेवढ्यापुरत्या बंद ठेवाव्यात.

या सगळ्यावरून माझ्या मागण्या अशा आहेत. गृहभेटीतला ‘गॅस आहे का?’ हा प्रश्न बदलून ‘काल आंघोळीचे पाणी कशावर तापले, कुठे तापले आणि आग कुणी सांभाळली?’ असा करावा, आणि उत्तर माता बाल संरक्षण कार्डाच्या कडेला हिमोग्लोबिनच्या आकड्याशेजारी लिहावे. ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे आणि बंबही त्यांच्याचकडे आहे, अशा माता पहिल्या समजाव्यात आणि त्यांच्या घरची भेट पहाटेच्या वेळी, सासूबाई आणि नवरा दोघेही घरात असताना व्हावी, कारण बंब हलवण्याचा निर्णय सुनेच्या हातात नसतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत डोकेदुखीची तक्रार आली तर आग, शेगडी आणि गॅस गीझर यांची चौकशी झाल्याशिवाय केवळ गोळी देऊन पाठवू नये. नव्याने लग्न झालेल्या जोडप्यांच्या नोंदीवेळीच हा प्रश्न विचारला जावा. पूरग्रस्त गावांत ब्लीचिंग पावडर वाटताना ‘अॅसिडबरोबर वापरू नये’ ही एक ओळ मोठ्या मराठी अक्षरांत पाकिटावर चिकटवावी. ग्रामपंचायतीच्या निधीतून सर्वांना बंब-निवारे देणे जमणार नसेल, तर ज्या घरात त्या वर्षी बाळ येणार आहे तेवढ्या घरांना दोन पत्रे देण्याचा विचार व्हावा. एका गावात वर्षाला अशी घरे किती असतात ते आशाताईंच्या वहीत लिहिलेलेच आहे. यंदाचा पाऊस सुरू होण्याआधी ती यादी काढली, तर जळण वाळलेले असतानाच कामाला लागता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
कोल्हापूर